मालकांच्या मागे राहिलेला लॉकर: मॅनेजरसाहेबांना पत्र कसं लिहायचं

आज आम्ही तुम्हाला एका पत्राची गोष्ट सांगणार आहोत. हे पत्र आमच्या बचत गटातल्या एका ताईसाठी आम्ही सगळ्यांनी बसून लिहिलं. पहिलं चुकलं, दुसरं लागू पडलं. काय चुकलं होतं, तेही सांगतो.

ताईंचे मालक गेले. तालुक्याच्या गावी एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांचा लॉकर होता, एकट्याच्या नावावर. किल्ली घरात देव्हाऱ्याखालच्या डब्यात होती. लॉकरमध्ये ताईंच्या लग्नातल्या पाटल्या, सासूबाईंची बोरमाळ आणि काही कागद आहेत, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. दिवसकार्य झाल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, बँकेला कळायच्या आधी किल्ली घेऊन जा आणि काढून आणा."

ताई गेल्या नाहीत, हे बरं झालं. लॉकर उघडताना बँकेच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागते, आणि ती सही ज्याच्या नावावर लॉकर आहे त्याची हवी. किल्ली हातात असली म्हणजे हक्क हातात आला असं नाही. मालकांनी जिवंतपणी दुसऱ्या कुणाला लॉकर उघडायचा अधिकार लिहून दिला असला, तरी तो त्यांच्याबरोबरच संपतो. नंतर "आधीच उघडून काय काढलं?" असा संशय आला, तर त्याला उत्तर देता येत नाही.

मग ताईंनी मुलाकडून पत्र लिहून घेतलं. त्यात होतं, "माझे पती वारले. त्यांच्या लॉकरमध्ये माझे पंधरा तोळे दागिने आहेत. तरी लॉकर उघडून दागिने मला द्यावेत." साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "असं देता येत नाही, कोर्टाचा दाखला आणा." पत्र परत हातात दिलं. ना शिक्का, ना पोच.

त्या संध्याकाळी ताई गटाच्या बैठकीत आल्या. आम्ही पत्र वाचलं आणि तीन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली, पत्रात वारस एकच दिसत होता. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गातले वारस असतात आणि त्यांचे हिस्से सारखे असतात. म्हणजे इथे ताई, मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि सासूबाई, असे चौघं. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मुलगी सासरी गेली म्हणून तिचं नाव गळत नाही. सासूबाईंचं नाव तर पुष्कळ घरांत विसरलंच जातं, आणि मग बँक अर्ज थांबवते.

दुसरी, आत काय आहे ते पत्रात लिहिलं होतं. लॉकरमध्ये काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं. पंधरा तोळे लिहिले आणि बारा निघाले, तर भांडण आपणच लावून घेतलं. म्हणून पत्रात फक्त "लॉकरमधील वस्तू" एवढंच लिहायचं.

तिसरी, मागणी अर्धवट होती. लॉकर मोकळा करून देण्याआधी बँकेला साक्षीदारांसमोर आतल्या वस्तूंची यादी करावी लागते. त्या यादीची तारीखच आम्ही मागितली नव्हती.

आम्ही नव्यानं लिहिलं. ते पत्र आता सावकाश वाचतो. कागद-पेन जवळ असेल तर उतरवून घ्या.

"प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय: दिवंगत खातेदाराचा लॉकर कायदेशीर वारसांसाठी उघडून वस्तू ताब्यात देण्याबाबत.

महोदय, माझे पती (पूर्ण नाव) यांच्या नावे आपल्या शाखेत लॉकर क्रमांक (अमुक) आहे. त्यांचे दिनांक (अमुक) रोजी निधन झाले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडली आहे. लॉकरची किल्ली माझ्याकडे असून त्यांच्या निधनानंतर लॉकर कोणीही उघडलेला नाही.

आमच्या माहितीप्रमाणे त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. त्यांचे कायदेशीर वारस पुढीलप्रमाणे आहेत: पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी व आई. प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, पत्ता व सही खाली दिली आहे. याशिवाय अन्य वारस नाही. आमच्यात कोणताही वाद नाही.

विनंती अशी की, एक, निधनाची नोंद घेऊन यापुढे कोणा एकट्यास लॉकर उघडू देऊ नये. दोन, या लॉकरला नामनिर्देशन आहे किंवा नाही, हे लेखी कळवावे. तीन, दाव्याचा अर्ज व लागणाऱ्या कागदपत्रांची यादी द्यावी. चार, लॉकरचे भाडे थकले असल्यास रक्कम कळवावी. पाच, आम्हा वारसांच्या व दोन त्रयस्थ साक्षीदारांच्या समक्ष लॉकर उघडून वस्तूंची यादी करण्यासाठी तारीख द्यावी, आणि यादीनंतर वस्तू आम्हा वारसांच्या संयुक्त ताब्यात द्याव्यात.

आपली विश्वासू."

खाली चौघांच्या सह्या. सासूबाईंनी अंगठा दिला, आणि शेजारी कुणासमोर दिला ते लिहिलं. पत्राच्या दोन प्रती केल्या. एक बँकेला, दुसरीवर बँकेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. बायांनो, पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. पुढचे दिवस या कागदावरूनच मोजायचे असतात.

आठवड्याभरात उत्तर आलं: नामनिर्देशन नाही. नामनिर्देशन असतं तर काम सोपं होतं. बँकेनं ज्याचं नाव लिहिलंय त्याची ओळख पटवून, यादी करून वस्तू त्याला दिल्या असत्या. मात्र नामनिर्देशन झालेला माणूस मालक होत नाही. तो वारसांच्या वतीनं वस्तू ताब्यात घेतो, वाटणी वारसांमध्येच होते.

आता राहिला तो "कोर्टाचा दाखला". रिझर्व्ह बँकेनं २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले आणि ते ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायला बँकांना सांगितलं. नामनिर्देशन नसलेल्या लॉकरसाठीही, वारसांत वाद नसेल तर, त्यात सोपी पद्धत ठेवलेली आहे. सगळे कागद पूर्ण मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेनं दावा तपासून यादीची तारीख ठरवायची आहे. बँकेच्याच चुकीनं उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची आहे. ताईंनी हे नम्रपणे सांगितलं आणि म्हणाल्या, "साहेब, कोर्टाचा दाखला लागतोच असं असेल, तर कारणासकट लिहून द्या." त्यानंतर दाव्याचा फॉर्म मिळाला.

मृत्युपत्रावरून वाद असेल किंवा एखाद्या वारसानं लेखी हरकत घेतली असेल, तर कोर्टाचीच वाट धरावी लागते. तिथेही दाखला नीट विचारून घ्या. ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात, ते येणी आणि रोख्यांसाठी असतं, दागिन्यांसाठी नसतं. आपल्याकडे अशा वेळी वकील दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढायला सांगतात. आणि तलाठ्याकडे झालेली वारस नोंद जमिनीपुरती. तेवढ्यावर लॉकर मिळेल असं समजू नका.

ताईंनी जोडलेले कागद सांगतो: मृत्यूचा दाखला, चौघांची ओळखपत्रं, लॉकरच्या भाड्याची पावती, आणि घराला ओळखणाऱ्या पण नात्यात नसलेल्या एका गृहस्थांनी वारस हेच आहेत असं लिहून दिलेलं पत्र. किल्ली हरवलेली असती, तर लॉकर फोडावा लागला असता आणि तो खर्च आपल्यालाच पडला असता.

इथे एक अडचण आली. लेक सासरी लांब, तिला तारखेला येणं अवघड होतं. बँकेनं तिच्यासाठी ना-हरकतीचा छापील कागद दिला. दीर म्हणाले, "सही करून पाठव, एवढं काय." आम्ही कागद वाचला. त्यात वस्तू इतरांना द्यायला हरकत नाही एवढंच नव्हतं, "माझा हक्क सोडत आहे" असंही होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लेकीला हिस्सा सोडायचा असेल तर ती तिची मर्जी, पण बस चुकली म्हणून हिस्सा जाता कामा नये. आम्ही बँकेला विचारलं, "ही संमती फक्त ताबा घेण्यापुरती आहे, वारसा हक्क सोडलेला नाही" असं वाक्य घालू का? बँक तयार झाली नाही. मग लेकीनं ना-हरकत दिलीच नाही. इतरांसारखीच दावेदार म्हणून फॉर्मवर सही केली आणि तारीख पुढच्या शनिवारची मागून घेतली, म्हणजे तिला येता आलं.

त्या दिवशी चौघं आणि दोन साक्षीदार गेले. बँकेची एक किल्ली, आपली एक, दोन्ही लागल्या तेव्हा दार उघडलं. एकेक वस्तू बाहेर काढून लिहिली गेली. बँक सोन्याचा कस लावत नाही, म्हणून यादीत "पिवळ्या धातूच्या पाटल्या, नग दोन" असं आलं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण नग मोजून मगच सही करायची. बोरमाळ निघाली. मुदत ठेवीची एक पावतीही निघाली. ती पावती हातात आली म्हणजे पैसे आले असं नव्हे, ठेवीचा दावा वेगळा करावा लागतो. यादीवर सगळ्यांनी सह्या केल्या आणि ताईंनी एक प्रत मागून घेतली.

पाटल्या कुणाच्या, हे यादी ठरवत नाही. लग्नात ताईंच्या माहेरानं घातलेल्या पाटल्या हे त्यांचं स्त्रीधन. नवऱ्याच्या लॉकरमध्ये होत्या म्हणून त्या नवऱ्याच्या झाल्या नाहीत, त्यांचे चार हिस्से होत नाहीत. ताईंजवळ लग्नातला फोटो आणि सोनाराची जुनी पावती होती. बोरमाळ सासूबाईंची, त्यांना ती त्यांच्या माहेरून आलेली. त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून चौघांनी साधा कागद केला: पाटल्या ताईंच्या, बोरमाळ सासूबाईंची, उरलेली मालकांची अंगठी आणि चांदीची भांडी चौघांची. सह्या झाल्या. सासूबाईंनी बोरमाळ हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कुठे बँक लेखी उत्तरच देत नसेल, तर आधी त्याच बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी त्यांचा फोन क्रमांक १४४४८. तिथेही ती शिक्क्याची पोचच दाखवावी लागते.

जाता जाता एकच. आज रात्री जेवणं झाल्यावर घरात विचारा: लॉकर कुणाच्या नावावर आहे, आणि नामनिर्देशन भरलंय का? १ नोव्हेंबर २०२५ पासून लॉकरला एकामागून एक अशी चार जणांपर्यंत नावं देता येतात. आमच्या गटातल्या सहा जणींनी विचारलं. चौघींच्या घरी तो रकाना कोराच होता. पुढच्या आठवडी बाजाराला आम्ही त्यांच्याबरोबर बँकेत जाणार आहोत.