चौथ्या दिवशी पॉझिटिव्ह आलेली ट्यूब

आज टीबीच्या कल्चरबद्दल बोलायचंय, आणि त्यातल्याही एकाच प्रश्नाबद्दल: वाढ तर दिसतेय, पण ती टीबीच्या जंतूचीच आहे हे कशावरून?

सुरुवात वेगापासून करू. आपल्या पोटातला ई. कोलाय चांगलं खाणं मिळालं की वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. म्हणजे थुंकीच्या नमुन्यात तोंडातले चार जंतू जरी जिवंत राहिले, तरी ते टीबीच्या कितीतरी आधी ट्यूब भरून टाकतात. म्हणून नमुना आधी सोडियम हायड्रॉक्साइड आणि एनएएलसीने धुवून घ्यायचा. टीबीच्या जंतूचं मेणचट कवच हा मार सोसतं, बाकीचे बहुतेक मरतात. पण तेही थोडाच वेळ. पंधरा-वीस मिनिटं झाली की बफर घालून थांबवायचं, नाहीतर आपल्याला हवा असलेला जंतूही मरतो.

यानंतर नमुना दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे एलजे, घन मीडियम. यात अंडी, ग्लिसरॉल, क्षार आणि इतर जंतूंना दाबणारा मॅलॅकाइट ग्रीन असतो. बाटली तिरकी ठेवून ते साधारण ८० ते ८५ अंशांवर गोठवतात, म्हणून त्याचा हिरवट उतार तयार होतो. दुसरं म्हणजे एमजीआयटी, द्रव मीडियम. ७ मिली ब्रॉथ, त्यात पोषक द्रव्यं आणि अँटिबायोटिक्सचं मिश्रण, आणि अर्धा मिली नमुना. ट्यूबच्या तळाशी एक चकाकणारं रसायन असतं. ऑक्सिजन आहे तोवर ते दबलेलं राहतं. जंतूंनी ऑक्सिजन संपवला की चमकतं, आणि मशीन पॉझिटिव्हचा इशारा देतं.

नीट ऐका, मशीनला फक्त ऑक्सिजन संपलेला कळतो. तो कोणी संपवला, हे नाही कळत.

आता दोन ट्यूब घेऊ. पहिलीचा इशारा चौथ्या दिवशी आला. न हलवता उजेडात धरली, तर सगळा ब्रॉथ एकसारखा गढूळ, ताक पाण्यात मिसळावं तसा. झील-नील्सन स्टेन केला: लाल काड्या एकही नाही, निळ्या जाड काड्यांच्या साखळ्या. ब्लड अगारवर टाकलं तर दुसऱ्या दिवशी भरघोस वाढ. त्याच नमुन्याचा एलजे पाहिला, तर उतार मऊ पडून ओघळलेला आणि हिरवा रंग उडालेला. चारही खुणा एकच सांगतात: दूषित.

दुसरीचा इशारा तेराव्या दिवशी आला. ब्रॉथ स्वच्छ, तळाशी रव्यासारखे कण. स्टेनमध्ये लाल काड्या, एकमेकींना चिकटून दोरखंडासारख्या वळलेल्या. ब्लड अगार ४८ तासांनीही कोरा. एमपीटी ६४ च्या पट्टीवर १५ मिनिटांत रेघ उमटली. हा टीबी. याच्या एलजेवर पुढच्या आठवड्यांत कोरड्या, खरखरीत, फिकट बदामी वसाहती दिसतील, फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या.

लाल काड्या आहेत, ब्लड अगार कोरा आहे, पण पट्टी निगेटिव्ह, तर? मग टीबीचा नसलेला मायकोबॅक्टेरियम असण्याची शक्यता धरायची आणि पुढची ओळख करायची. आणि लाल-निळं दोन्ही दिसलं तर? ती ट्यूब फेकायची नाही. तीच पुन्हा धुवून नव्या ट्यूबमध्ये लावायची, कारण आत टीबी असू शकतो.

आता रिपोर्ट. इथे खरी गोम आहे. पहिल्या ट्यूबचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ असा जाता कामा नये. निगेटिव्ह म्हणायला एमजीआयटी पूर्ण ४२ दिवस आणि एलजे पूर्ण ८ आठवडे स्वच्छ राहायला हवा. चौथ्या दिवशी गढूळ झालेल्या ट्यूबने आपल्याला टीबीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. ‘दूषित, नवा नमुना पाठवा’ असंच लिहायचं. औषधं चालू असलेल्या पेशंटला चुकून निगेटिव्ह म्हटलं, तर औषध लागू पडतंय असा समज होतो. चुकून पॉझिटिव्ह म्हटलं, तर लागू पडत नाही असा.

शेवटचा मुद्दा. एलजेमध्ये साधारण ३ ते ५ टक्के नमुने दूषित निघतात, एमजीआयटीत त्याहून थोडे जास्त. आकडा वाढला की नमुना पोचायला उशीर होतोय का, धुणं कमी पडतंय का, ते बघायचं. पण आकडा शून्याकडे गेला तर खूश होऊ नका. बहुधा धुणं जास्त कडक झालंय, आणि त्यात टीबीचे जंतूही मरताहेत. स्मिअर पॉझिटिव्ह असलेल्या, अजून औषध सुरू न झालेल्या पेशंटचे कल्चर कोरे येऊ लागले, की संशय पक्का समजा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या लॅबमधले प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.