नैर्ऋत्येची खिडकी



पेण आणि रोहा या भागात मी गेली बरीच वर्षे घरांचे नकाशे करतो. पूर्वी लोक विचारायचे, "साहेब, खर्च किती येईल?" आता पहिला प्रश्न असतो, "साहेब, दार कुठे? स्वयंपाकघर आग्नेयेला बसतंय ना?" या प्रश्नाला हसण्यावारी नेणे मला कधीच पटले नाही. घर बांधणारा माणूस आयुष्यभराची पुंजी त्यात ओततो, त्याला धास्ती वाटणारच. पण दिशेचा नियम आणि आपल्या कोकणचा पाऊस यांचे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही. जिथे जमत नाही तिथे काय होते, ते एका घराच्या निमित्ताने सांगतो.

पेणजवळच्या एका गावात एका निवृत्त गृहस्थांनी घर बांधले. प्लॉट चाळीस फूट बाय साठ फूट. पूर्वेला डोंगराची चढण, पश्चिमेला शेते आणि त्यापलीकडे खाडी. म्हणजे जमिनीचा मूळ उतार पश्चिमेकडे. वास्तूचा सल्ला असा मिळाला की ईशान्य बाजू सखल हवी आणि नैर्ऋत्य उंच व जड हवी. त्यांनी पश्चिमेला दोन फूट भराव टाकून अंगणाचा उतार ईशान्येकडे फिरवला. विहीर ईशान्येलाच होती. स्वयंपाकघर आग्नेयेला घेतले. नैर्ऋत्येची खोली घरातल्या वडीलधाऱ्यांची, म्हणून तिथे ऐंशी वर्षांच्या आईची खाट ठेवली. त्या कोपऱ्यात मोकळीक नको म्हणून पश्चिमेची खिडकी गाळली आणि दक्षिणेला एक लहानशी ठेवली.

दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी मला बोलावले. आईच्या खोलीत भिंतीला काळी बुरशी धरली होती, ईशान्येच्या अंगणात घोटाभर पाणी तुंबले होते आणि विहिरीचे पाणी गढूळ झाले होते. ते हळूच म्हणाले, "सगळं नियमानं केलं हो. मग चुकलं कुठं?"

आधी पाण्याचा हिशेब पाहू. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. चाळीस बाय साठ फुटांच्या प्लॉटवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर बावीस हजार लिटरच्या वर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर अंगणात रिकामे करण्यासारखे. हे पाणी खाडीकडे निघाले होते. आपण भराव टाकून त्याला वळवले आणि घरामागे, चढणीच्या पायथ्याशी नेऊन कोंडले. डोंगराकडून येणारे पाणीही तिथेच आले. हे सगळे विहिरीच्या काठाशी साचले आणि अंगणातली घाण घेऊन आत झिरपू लागले.

गंमत अशी की ईशान्येची विहीर या प्लॉटवर योग्यच होती. मूळ उतारानुसार ती चढावर येत होती, म्हणजे घराचे सांडपाणी तिच्यापासून दूर वाहून गेले असते. बिघडवले ते दुसऱ्या नियमाने, ईशान्य सखल करण्याच्या हट्टाने.

हाच नियम रोह्याला लावून पाहा. कुंडलिका नदी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. रोहा गाव तिच्या दक्षिण तीरावर आणि अष्टमी उत्तर तीरावर. रोह्याकडच्या तीरावर नदी उत्तरेला, म्हणून जमीन साधारण उत्तरेकडे उतरते. तिथे नियम आपोआप पाळला जातो. पूल ओलांडून अष्टमीत या, नदी दक्षिणेला येते आणि उतार दक्षिणेकडे. तिथे उत्तर सखल करायची तर पाणी नदीकडून घराकडे वळवावे लागेल. पाऊस तोच, माती तीच, नियमही तोच. एका तीरावर तो फुकट उपयोगी पडतो, दुसऱ्या तीरावर जोते भिजवतो. म्हणून उताराच्या बाबतीत दिशा पाहण्याआधी नदी, ओढा, खाडी कुठे आहे ते पाहावे.

आता आईच्या खोलीकडे वळू. भिंतीला ओल दोन तऱ्हांनी येते आणि ती ओळखणे सोपे आहे. जमिनीतून चढणारी ओल जोत्यापासून वर दोनतीन फुटांपर्यंत, पट्ट्यासारखी दिसते आणि पावसाळा संपल्यावरही रेंगाळते. झडीची ओल भिंतीच्या मध्यावर, खिडकीच्या कडांना, तड्यांच्या आसपास डागांच्या रूपात येते आणि दिवाळीपर्यंत बरीचशी सुकते. या घरात नैर्ऋत्येच्या दोन्ही भिंतींना दुसऱ्या प्रकारची ओल होती. कारण उघड आहे. आपला पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून झड त्याच कोपऱ्यावर आपटते. छज्जा होता दीड फुटाचा. पाऊस पंचेचाळीस अंशांत तिरका आला, तर दीड फुटाचा छज्जा खालची दीड फूट भिंतच वाचवतो. बाकी सगळी भिजते.

त्यात खिडकी गाळलेली. आपली हवा दमट. कोकणातल्या घरात अंगावरचा घाम सुकायला आणि भिंत कोरडी व्हायला वारा आरपार जावा लागतो. तो आत येतो पश्चिमेकडून. उन्हाळ्यात दुपारनंतर येणारे खारे वारेही पश्चिम-वायव्येकडूनच. ती बाजू बंद केली की पूर्वेची खिडकी कितीही मोठी ठेवा, वारा फिरकत नाही.

उन्हाचे काय? "दक्षिण तापते" असे आपण सर्रास म्हणतो. पण पेण-रोह्याला मेच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तोच शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या अखेरपर्यंत तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. तापते ती पश्चिमेची भिंत, आणि छप्पर. पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून उष्णता पिते आणि रात्री ती खोलीत सोडते. दक्षिणेचे ऊन लागते ते ऑक्टोबर हीटमध्ये आणि थंडीत. म्हणून आईच्या खोलीत मेमध्ये रात्री झोप लागत नसे. दोष दक्षिणेचा नव्हता, उघड्या पश्चिम भिंतीचा आणि बंद खिडकीचा होता.

मग जुने शास्त्र चुकीचेच म्हणायचे का? इथे मूळ ग्रंथ उघडून पाहावा असे मला वाटले. वराहमिहिराची 'बृहत्संहिता' सहाव्या शतकातली. तिच्यातल्या वास्तुविद्येच्या अध्यायात देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, धनधान्य वायव्येला सांगितले आहे. आणि नैर्ऋत्येला? तिथे भांडीकुंडी आणि घरातले सामानसुमान! नैर्ऋत्येची खोली यजमानाची किंवा वडीलधाऱ्यांची, असे त्या ठिकाणी म्हटलेले नाही. दाराचेही तसेच. त्या ग्रंथात घराच्या प्रत्येक बाजूचे आठ भाग करून बत्तीस दारांची फळे दिली आहेत. त्यांत दक्षिणेचे एक दार अन्नपाणी आणि संतती वाढवणारे आहे, तर पूर्वेची काही दारे अगदी अशुभ आहेत. 'पूर्व चांगली, दक्षिण वाईट' हा सुटसुटीत नियम म्हणजे त्या कोष्टकाचा आजचा संक्षेप आहे. ही फळे खरी असतात असे मी म्हणत नाही. पण दक्षिणेचे दार आहे म्हणून चांगला प्लॉट सोडणाऱ्याने एवढे जरूर ध्यानात घ्यावे.

शिवाय वराहमिहिर अवंतीचा, म्हणजे उज्जैनकडचा. तिथला पाऊस आपल्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका. उन्हाळा कोरडा आणि भाजणारा. तशा हवेत पश्चिम-नैर्ऋत्येला जाड भिंत घालून तिथे माणसांऐवजी सामान ठेवणे शहाणपणाचे आहे. झळ बाहेर राहते. आपल्याकडे हवा दमट असल्याने वारा कोंडून चालत नाही. आग्नेयेचे स्वयंपाकघर मात्र आपल्यालाही मानवते. सकाळचे ऊन आत येते आणि दुपारचा वायव्येचा वारा धूर, वाफ घराबाहेर ढकलतो. त्या नियमाला माझी कधीच हरकत नसते.

आता त्या घराचे काय केले ते सांगतो. आम्ही एकही खोली पाडली नाही. पावसाळा संपल्यावर पश्चिमेचा भराव काढून पाण्याला मूळ वाट दिली. पूर्वेला चढणीच्या पायथ्याशी चर खणून डोंगराचे पाणी घराला वळसा घालून काढून दिले. विहिरीभोवती कठडा आणि ओटा उंच केला. पश्चिम आणि दक्षिण या दोन्ही अंगांना सहा फूट रुंदीची पडवी काढली, जशी आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांना असायची. त्या पडवीने झड अडवली आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरली. मग तिथे खिडकी फोडली. पावसाळ्यात पडवीच्या कडेला झावळ्यांची झापे बांधतात. पाऊस अडतो, वारा थोडाफार येतो.

पडवीत आता पाटे-वरवंटे, मोठी पातेली, शेतीची अवजारे असतात. म्हणजे वराहमिहिराचे भांडीकुंडीचे कोठार आपोआप नैर्ऋत्येला आले, आणि आईची खोली त्याच्या आडोशाला सुरक्षित राहिली. देवघर ईशान्येला आहे तसेच आहे. त्याने घराचे काही बिघडत नव्हते आणि त्या माउलीच्या मनाला बरे वाटत होते.

श्रोतेहो, नकाशा पक्का करण्याआधी किंवा काही पाडण्याआधी तीन गोष्टी करून पाहा. जोराचा पाऊस पडून गेला की छत्री घेऊन प्लॉटवर उभे राहा आणि पाणी कुठून येते, कुठे जाते ते पाहा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता आणि पुन्हा पावसाळ्यात खिडकीशी उदबत्ती लावून धूर कोणीकडे जातो ते पाहा. आणि मेमध्येच रात्री नऊ वाजता प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवा. जी भिंत अजून गरम लागेल तिच्यापाशी खाट लावू नका. एवढे केल्यावर दिशेचा जो नियम याच्या आड येत नसेल, तो खुशाल पाळा. जो भराव मागतो, खिडकी बुजवायला सांगतो किंवा धड भिंत पाडायला लावतो, त्याच्यासाठी मात्र एक पावसाळा थांबा.

त्या घरी मी गेल्या श्रावणात गेलो होतो. आजी पश्चिमेच्या खिडकीशी बसून वाती वळत होत्या. बाहेर पागोळ्या गळत होत्या आणि भिंत कोरडी होती.