एकदाच वापरायची वही

आजचा विषय गुप्तलेखनाच्या अशा एका पद्धतीचा आहे, जी फोडता येत नाही हे गणिताने सिद्ध झालेले आहे. तिला ‘वन-टाइम पॅड’ म्हणतात. पाठवणारा आणि घेणारा, दोघांकडे हुबेहूब सारख्या दोन वह्या असतात. पानापानावर कसलाही क्रम नसलेले आकडे छापलेले असतात. एक पान एकाच संदेशासाठी वापरायचे आणि काम झाले की जाळून टाकायचे.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत कचेऱ्या ही पद्धत वापरत. आधी कोशातून शब्दांचे आकडे करायचे आणि मग त्यांत वहीतले आकडे मिळवायचे. बेरीज करताना हातचा धरायचा नाही. समजा संदेशाचे आकडे ३६१७२ आहेत आणि वहीत ८५९४६ आहेत. ३ आणि ८ मिळून ११, त्यातला १ लिहायचा. ६ आणि ५ मिळून ११, पुन्हा १. असे करत तारेत ११०१८ जाते. मॉस्कोतला माणूस आपल्या वहीतले आकडे वजा करून मूळ संदेश मिळवतो.

आता ही तार शत्रूच्या हाती लागली. त्याला ३६१७२ सापडेल का? वहीत ८५९४६ आहे असे धरले तर सापडेल. पण ६१६९७ धरले तर त्याच तारेतून ५०४२१ निघते, आणि तोही तितकाच शक्य असलेला संदेश आहे. कोणतेही पाच आकडे मनात धरा, ते देणारी वहीतल्या आकड्यांची किल्ली असतेच, आणि प्रत्येक किल्ली सारखीच संभवनीय असते. म्हणून जगातली सगळी यंत्रे लावून प्रत्येक किल्ली तपासली तरी हाती फक्त शक्य असलेल्या सगळ्या संदेशांची यादी येते. खरा कोणता, हे ठरवायला तारेत काही शिल्लकच नसते. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे सिद्ध केले. त्याच निबंधातून हेही निघते की अशी पूर्ण गुप्तता हवी असेल तर किल्ली संदेशापेक्षा आखूड असून चालत नाही.

सगळी अडचण या अटीत आहे. जितके लिहायचे, तितके आकडे आधी तयार करून, विश्वासू माणसाच्या हाती, दोन्ही टोकांना पोचवलेले असले पाहिजेत. दहा कचेऱ्यांना आपापसांत बोलायचे असेल तर ४५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला वेगळ्या वह्या लागतात. युद्धात तारांचा लोंढा वाढतो, पण वह्या छापणारे हात तेवढेच राहतात.

मॉस्कोत नेमके हेच झाले. १९४२च्या सुरुवातीला, बहुधा या ताणाखाली, सुमारे ३५,००० पाने दुबार छापली गेली. ती वेगवेगळ्या वह्यांत बांधून वेगवेगळ्या कचेऱ्यांना दिली गेली.

एकच पान दोनदा वापरले की काय होते, ते आपल्याच आकड्यांवर पाहू. ८५९४६ वापरूनच दुसरा संदेश ५०४२१ पाठवला, तर तारेत ३५३६७ जाते. पहिल्या तारेतून दुसरी वजा करा, अर्थातच हातचा न धरता. उत्तर ८६७५१ येते. मूळ संदेशांचीही वजाबाकी करून पाहा, तीही ८६७५१च येते. वहीचे आकडे दोन्हीकडून कटले आणि दोन संदेशांमधला फरक उघडा पडला. ‘पावती द्या’, ‘आपल्या पत्राच्या उत्तरादाखल’ असे ठरावीक शब्द एका बाजूला घालून पाहायचे आणि दुसऱ्या बाजूला काही अर्थपूर्ण निघते का ते तपासायचे. हे अतिशय किचकट काम आहे, कारण त्याखाली कोशाचे कुलूप उरतेच. पण आता त्याला उत्तर आहे.

अमेरिकी सैन्याच्या आर्लिंग्टन हॉल या केंद्रात १ फेब्रुवारी १९४३ रोजी जीन ग्रेबील यांनी सोव्हिएत तारांवर काम सुरू केले. त्याच वर्षी रिचर्ड हॅलक यांना व्यापारी तारांमध्ये पाने दुबार वापरल्याच्या खुणा दिसल्या. सुमारे दहा हजार तारांच्या सुरुवातीचे आकडे पंचकार्डांवर घेऊन जोड्या शोधल्या गेल्या. पुढे मेरेडिथ गार्डनर यांनी कोशातला एकेक शब्द उकलत नेला. १९४६च्या डिसेंबरात त्यांनी १९४४ची एक तार वाचली, तेव्हा तिच्यात अणुबॉम्बच्या कामावरच्या शास्त्रज्ञांची नावे निघाली.

वन-टाइम पॅडची हीच पद्धत १९६३ साली वॉशिंग्टन-मॉस्को थेट तारेसाठी वापरली गेली. तिथे टोके दोनच होती आणि किल्लीच्या फिती वकिलातींमार्फत पोचवल्या जात. इतक्या मर्यादित कामाला ती परवडते.

आर्लिंग्टन हॉलमध्ये सुरू झालेले काम ‘व्हेनोना’ नावाने १९८०पर्यंत चालले. सुमारे तीन हजार तारा, त्याही बऱ्याचशा अर्धवट, वाचता आल्या. ज्यांची पाने एकदाच छापली आणि एकदाच वापरली गेली, त्या बाकीच्या तारा आजही कुणी वाचू शकलेले नाही.