डॉक्टर लेकीचं शेवटचं वर्ष

एमबीबीएसची शेवटची परीक्षा पास झाली की घरी पेढे वाटले जातात. पण लेक लगेच स्वतंत्र दवाखाना उघडू शकत नाही. त्याआधी बारा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीच्या निमित्तानं हे सगळं मला जवळून कळलं.

पहिलं काम नोंदणीचं. पास झाल्याचा दाखला घेऊन महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करायची आणि मगच रुजू व्हायचं. ही नोंदणी फक्त इंटर्नशिपपुरती असते. तिच्यावर स्वतःचा दवाखाना चालवता येत नाही.

मग मुलगी एकेका विभागात ठरलेले आठवडे काम करते. कधी प्रसूती, कधी शस्त्रक्रिया, कधी गावाकडचं आरोग्य केंद्र. प्रत्येक विभागातलं काम लॉगबुकात लिहायचं आणि तिथून निघण्याआधीच सही घ्यायची. राहिलेल्या सहीसाठी वर्षअखेरीला पुन्हा त्या विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आता सुट्टीचं सांगते. आधी परवानगी घेऊन वर्षभरात पंधरा दिवस रजा मिळते. बाळंतपणाच्या रजेचे नियम वेगळे. ताईंचं ऑपरेशन झालं, तेव्हा ही मुलगी बावीस दिवस घरी राहिली. आईपाशी राहिली, चुकलं काहीच नाही. पण तिचं वर्ष 31 मार्चला संपायचं होतं, ते वरच्या सात दिवसांमुळे 7 एप्रिलवर गेलं. दरमहा मिळणारं विद्यावेतनही त्या वाढीव सात दिवसांचं मिळालं नाही.

सात दिवसांनी काय बिघडतं, असं आम्हालाही वाटलं होतं. पण सगळ्या विभागांच्या सह्या पूर्ण झाल्याशिवाय कॉलेज इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र देत नाही. ते हातात आल्यावरच परिषदेकडे कायमची नोंदणी होते. तिनं हेरलेल्या नोकरीची मुलाखत एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात होती. कागद नव्हते, मुलाखत हुकली. आणि इकडे ताईंनी गटाकडून घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्याच पगाराच्या भरवशावर एप्रिलपासून धरला होता. शेवटी गटानं बसून हप्ता जुलैपासून लावून दिला.

म्हणून ज्यांची मुलगी इंटर्नशिपला आहे, त्यांनी तिला आजच दोन गोष्टी विचारा. आतापर्यंत किती दिवस रजा झाली? आणि झालेल्या विभागांपैकी सही कुठली राहिलीय? ती उत्तरं घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. लग्नकार्याला तिला बोलावण्याआधी तो आकडा बघा. कर्जाचा हप्ता मात्र परीक्षेच्या निकालावरून ठरवू नका. कायमची नोंदणी होऊन पहिला पगार कधी येईल, तो महिना धरा.