गोलकिक : बॉक्समधला तो एक सेकंद

आज एकच नियम घेऊया, पण नीट. परळच्या झेवियर्स ग्राउंडवर लोकल मॅच बघायला उभे राहिलात तर गोलकिकला एक आरोळी हमखास ऐकू येते, ‘अरे, बाहेर मार ना!’ ओरडणारा बहुतेक चाळिशीच्या पुढचा असतो, आणि त्याच्या काळात तो बरोबरच होता. २०१९ च्या जूनपर्यंत गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात यायचाच नाही. आत कोणी पाय लावला तर किक पुन्हा. डिफेंडर याचा फायदा घ्यायचे. समोरचा स्ट्रायकर अंगावर येतोय असं दिसलं की मुद्दाम आतच बॉलला पाय लावायचा आणि सगळं पहिल्यापासून. फुकटचं अनडू बटणच.

आता बॉलला किक लागली आणि तो स्पष्टपणे हलला की खेळ चालू. तुमचा डिफेंडर बॉक्समध्येच पास घेऊ शकतो, पण समोरच्यांनी तोपर्यंत बाहेरच थांबायचं. सगळी गंमत या असमानतेत आहे. पूर्वी पास घेणारा बाहेर उभा असायचा आणि स्ट्रायकर त्याला चिकटून राहू शकायचा. आता दोघांच्या मध्ये मोकळी जमीन असते.

ती किती, ते मोजू. पेनल्टी एरिया गोललाइनपासून १६.५ मीटर पुढे येतो, गोल एरिया ५.५ मीटर. समजा डिफेंडर गोल एरियाच्या पुढच्या रेषेच्या लायनीत, पण बाजूला उभा आहे आणि स्ट्रायकर बॉक्सच्या रेषेवर, बरोबर त्याच्या समोर. अंतर ११ मीटर. जोरात धावणाऱ्याला तेवढ्याला साधारण दोन सेकंद लागतात. कीपरचा दहा मीटरचा कडक पास एका सेकंदात पोचतो. म्हणजे डिफेंडरच्या हातात एक सेकंद उरतो. तेवढ्यात त्याने अंग वळवून बॉल घ्यायचा, मान वर करायची आणि पुढचा पास द्यायचा. हा हिशोब सपाट मैदानाचा. जुलैत मातीच्या मैदानावर तोच पास चिखलात मध्येच बसतो, एक सेकंद संपतो आणि स्ट्रायकर आधी पोचतो. म्हणून पावसाळ्यात लांब किक मारणाऱ्या कीपरला मी तरी हसत नाही.

काही टीम उलट करतात. स्टॉपर किक मारतो आणि बॉल कीपरला देतो. कीपरचं तोंड मैदानाकडे असतं, त्याला सगळं दिसतं, आणि समोरचा स्ट्रायकर त्याच्यावर गेला की मागे कोणीतरी मोकळा सुटतो. फक्त तो बॉल कीपरने हातात घ्यायचा नाही, कारण सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलाय.

आपल्या मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये सर्जियो लोबेरांच्या हाताखाली मागूनच खेळ रचला. कोविडमुळे सगळी आयएसएल गोव्यात झाली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याला एटीके मोहन बागानविरुद्ध फायनल. त्या दिवशी अहमद जाहूने आपल्याच भागात बॉल गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने गोल ठोकला. तो गोलकिकवरून आलेला नव्हता, पण मागून खेळण्याची किंमत हीच. तरी मुंबईने पद्धत सोडली नाही, आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलने २-१ जिंकली.

दुसरा धोका नियम डोक्यात न बसल्याचा. नोव्हेंबर २०२४, चॅम्पियन्स लीग, क्लब ब्रुजविरुद्ध ॲस्टन व्हिला. कीपर एमिलियानो मार्टिनेझने गोलकिकचा बॉल हळूच टायरन मिंग्जकडे ढकलला. मिंग्जला वाटलं किक अजून मारायचीय, त्याने बॉल हाताने उचलून जागेवर ठेवायला घेतला. पण बॉल हलला होता, खेळ चालू होता. हँडबॉल, पेनल्टी. व्हानाकेनने गोल केला आणि ब्रुज १-० ने जिंकलं. जुन्या नियमात तीच किक फक्त पुन्हा मारायला लावली असती.

गल्लीतल्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवर होतं. कीपर घाई करून किक मारतो, समोरचा एक गडी अजून बॉक्समधून बाहेर पडतच असतो, तो वळून बॉल पळवतो आणि सगळे रेफरीभोवती. त्याला बाहेर पडायला वेळच मिळाला नसेल तर रेफरी खेळ चालू ठेवतो, आणि बॉल हलल्यानंतर तो गडी बॉलवर जाऊ शकतो, गोलही धरतात. तो मुद्दाम आत रेंगाळला असेल किंवा बॉल हलायच्या आधीच मध्ये आला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणून शॉर्ट खेळायचं असेल तर कीपरने आधी नजर फिरवायची, बॉक्स रिकामा झालाय का ते बघायचं, आणि मग बॉलला पाय लावायचा.