व्यसनाचे निवेदन आणि निवेदकाचे मौन

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. तेव्हापासून व्यसनी माणूस म्हटला की मराठी मनापुढे सुधाकर उभा राहतो. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, काम मागण्यासाठी परिचितांच्या दारी जातो, अपमानित होतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याच्या पुनःपतनाचे कारण प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडते. नाटकाला तसे करणे भागच असते. मनातली खळबळ रंगमंचावर प्रसंगातून आणि भाषणातूनच प्रकट व्हायची.

परंतु प्रत्यक्षात माणूस पुन्हा पितो, तेव्हा पुष्कळदा बाहेर काहीच घडलेले नसते. अपमान नाही, दुःखाची वार्ता नाही, आग्रह करणारा तळीराम नाही. दुपारची वेळ, रिकामे घर आणि मनात हळूहळू जमणारा एक हिशेब, एवढेच असते. हा हिशेब दाखवणे हे कादंबरीचे क्षेत्र होय. ते कसे साधते, हे अमेरिकन लेखक चार्ल्स जॅक्सन यांच्या 'द लॉस्ट वीकएंड' या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत स्पष्ट दिसते.

कथा न्यूयॉर्कमधील अवघ्या पाच दिवसांची आहे. डॉन बर्नम हा लेखक होऊ इच्छिणारा, सुशिक्षित, बुद्धिमान माणूस. त्याचा भाऊ विक त्याला सुटीसाठी गावाबाहेर नेणार आहे. त्यापूर्वी काही तास घरी एकटे राहण्याची संधी डॉन मिळवतो. घरकाम करणाऱ्या बाईसाठी ठेवलेले पैसे त्याच्या हाती लागतात आणि तो मद्यगृहाची वाट धरतो. पुढे भाऊ त्याला सोडून निघून जातो आणि दारूचे ते दिवस सुरू होतात.

अशा प्रसंगाचे निवेदन तीन प्रकारे करता येईल. 'त्या दुबळ्या माणसाने पुन्हा एकदा भावाला फसवले,' असे लिहिले, तर निवेदक न्यायासनावर बसला. 'बिचारा मोहाला बळी पडला,' असे लिहिले, तर त्याने दया केली. पण दया करणारासुद्धा उंचावरूनच पाहत असतो. तिसरा प्रकार असा : 'भाऊ यायला अजून अवकाश होता. एक प्याला घेऊन सहज परतता येईल. आजच्या दिवशी घाई ती कसली?' या वाक्यांत 'त्याला वाटले' असे कोठेही नाही. निवेदन तृतीयपुरुषीच आहे, पण त्यातील तर्क, लय आणि लबाडी पात्राची आहे. वाचक तो तर्क क्षणभर स्वतःचा म्हणून उच्चारतो, आणि पुढच्याच क्षणी त्यातील खोट त्याच्या ध्यानात येते. निवेदकाला ती दाखवून द्यावी लागत नाही.

जॅक्सन यांनी कादंबरीभर हा तिसरा मार्ग चोखाळला आहे. त्यामुळे त्यांच्या लेखणीतून तृष्णेचे एक खरे लक्षण प्रकट होते : ती हट्ट म्हणून येत नाही, समंजसपणाचा वेष घेऊन येते. डॉन स्वतःला 'मला दारू हवी' असे क्वचितच सांगतो. तो वेळ मोजतो, पैसे मोजतो, सबबी तपासतो. घड्याळ, खिसा आणि कोपऱ्यावरचे दुकान यांनाच त्याच्या जगात आकार उरतो. भाऊ आणि त्याच्यावर प्रेम करणारी हेलन ही अडथळ्यांसारखी भासू लागतात. तृष्णा जग कसे अरुंद करते, याचे व्याख्यान लेखक देत नाही. त्याचे परिच्छेदच अरुंद होत जातात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टंकलेखनयंत्राचा प्रसंग. पैसे संपल्यावर डॉन आपले यंत्र गहाण टाकण्यास निघतो. लेखक होऊ पाहणाऱ्याने आपले यंत्र विकायला काढावे, यातील शोकांतिका सांगण्याचा मोह कोणालाही झाला असता. जॅक्सन ते टाळतात. ते लिहितात यंत्राचे वजन, शरीराचा थकवा आणि एकामागून एक बंद असलेली गहाणवटीची दुकाने. तो ज्यूंचा योम किप्पुर हा पवित्र दिवस असतो, म्हणून सारी दुकाने बंद. कादंबरीच्या या भागाला 'थट्टा' अशा अर्थाचे शीर्षक आहे. नियतीने केलेली ही थट्टा वाचकाला डॉनच्या पावलांनी चालूनच कळते. दुकान बंद दिसताच वाचकाचीही निराशा होते, आणि आपण कशाची इच्छा धरून बसलो होतो, हे जाणवून तो चपापतो. या कादंबरीतील सहानुभूती ती हीच.

मात्र सहानुभूती म्हणजे दोषमुक्ती नव्हे. एका मद्यगृहात डॉन शेजारच्या स्त्रीची पर्स चोरतो. त्याच्या मनाला तो जणू कौशल्याचा खेळ वाटतो, आणि निवेदनही त्या खेळकर सुरात चालते. मग चोरी उघडकीस येते आणि त्याला बाहेर काढले जाते. येथे लेखकाने कृत्य लपवलेले नाही, सौम्यही केलेले नाही. केवळ त्यावर विशेषण चिकटवण्याचे काम वाचकाकडे ठेवले आहे. चांगल्या निवेदनाची कसोटी हीच : माणसाचा तर्क आतून ऐकू यावा आणि त्याची किंमत बाहेरून दिसावी. नुसता तर्क ऐकू आला, तर कादंबरी दारूची जाहिरात होईल. नुसती किंमत दिसली, तर ती प्रचारपत्रिका होईल.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. सारे काही डॉनच्या डोळ्यांनी दिसत असल्यामुळे हेलन आणि विक यांची व्यथा वाचकापर्यंत तुटक पोहोचते. सुधाकराच्या नाटकात सिंधू स्वतःच्या तोंडाने बोलते. येथे हेलनचे मन वाचकाला तर्काने ओळखावे लागते.

शेवटाविषयी सांगणे अवश्य आहे. बिली वाइल्डर यांनी १९४५ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यात नायक प्याल्यात सिगारेट टाकतो आणि लिहिण्याचा निश्चय करतो. कादंबरीत असे काही घडत नाही. त्या दिवसांत डॉन रुग्णालय पाहून आलेला असतो. दारू तुटल्यावर येणाऱ्या भ्रमात, वटवाघळाने उंदराला फाडल्याचे भीषण दृश्यही त्याने पाहिलेले असते. तरी अखेरच्या भागात तो पुन्हा दारू मिळवतो, अंथरुणावर पडतो, आणि या साऱ्याचा लोकांनी एवढा गाजावाजा का करावा, याचे नवल करतो. भीतीची स्मृती तहानेपुढे किती अल्पायुषी असते, हे त्या एका विचारात आले आहे.

जॅक्सन यांनी स्वतः १९३६ मध्ये दारू सोडली होती आणि त्यानंतर काही वर्षांनी ही कादंबरी लिहिली. पुढे त्यांचेही पुनःपतन झाले, आणि १९६८ मध्ये झोपेच्या औषधांच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. डॉनला बरे करून कथा संपवणे त्यांना सोपे होते. ते त्यांनी केले नाही, तसेच त्याला दोषही दिला नाही. पुस्तक मिटल्यावर डॉन वाचकाजवळ उरतो, तो निकाल लागलेला अपराधी म्हणून नव्हे. उद्या सकाळी पुन्हा तोच हिशेब मांडणारा माणूस म्हणून.