पोळ्यानंतरचा ताप आणि तीन पाकिटं

आपल्या गटाच्या बैठकीत आम्ही बहुतेक वेळा हप्ता, कर्ज आणि व्याज यांवर बोलतो. आज बोलायचं आहे घराच्या फडताळातल्या एका साध्या गोळीवर. तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल. तिच्यावर बोलायचं ठरलं ते आमच्याच एका गटातल्या बाईच्या घरी जे घडलं त्यावरून. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि गाव सांगणार नाही.

तिचा नवरा मजुरीला जातो. अंगानं वाळलेला, वजन असेल पंचेचाळीस किलो. कित्येक वर्षांपासून रोज पिणारा. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा, पण मोहाची कुठं मिळते आणि शेजारच्या जिल्ह्यातून बाटली कशी येते, हे आपल्यापैकी कोणाला सांगायची गरज नाही. पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, हे दोन दिवस तो प्यालाच प्याला. पोटात अन्न जवळपास नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंग तापलं, डोकं ठणकायला लागलं. त्या दिवशी त्यानं दारूला हात लावला नाही. बाईला बरं वाटलं. ती म्हणाली, "ताई, मी म्हटलं तापानं का होईना, सुटली एकदाची."

तिनं दुकानातून साडेसहाशेची तापाची गोळी आणली. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री दोन. अंग दुखतं म्हणून गावातल्या एकानं अंगदुखीची गोळी दिली, ती दिवसातून दोनदा. नाक वाहत होतं म्हणून घरात पडलेली सर्दीची गोळी, तीही दोनदा. तिच्या हिशेबानं ती तीन वेगळी औषधं होती. पण तिन्ही पाकिटांच्या मागं एकच नाव छापलेलं होतं, पॅरासिटामॉल.

आता आपण गटाच्या वहीत लिहितो तसा हिशेब मांडू. साडेसहाशे मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, झाले 3900. अंगदुखीच्या गोळीत 325, दोन गोळ्यांचे 650. सर्दीच्या गोळीत 500, दोन गोळ्यांचे 1000. एकूण 5550 मिलिग्रॅम, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या वर, एका दिवसात. धडधाकट, जेवणाऱ्या मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या पुढे जाऊ नये असं सांगतात. हा तर पंचेचाळीस किलोचा, उपाशी आणि रोजचा पिणारा. आणि हे सलग दोन दिवस चाललं.

एवढ्यानं काय होतं, ते समजून घेण्यासाठी लिव्हरचं, म्हणजे यकृताचं काम पाहू. ते आपल्या उजव्या बरगड्यांखाली असतं. गोळी पोटातून तिथं पोचते. बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकतं. पण थोडा भाग, शंभरातले साधारण पाच ते दहा, वेगळ्या वाटेनं जातो आणि त्यातून एक जहाल विष तयार होतं. घाबरू नका, हे प्रत्येकाच्या शरीरात होतं. त्यासाठी यकृताकडं ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. विष तयार झालं की हा साठा त्याला धरून निकामी करतो. आपल्या गटाच्या गल्ल्यासारखं समजा. खर्च आला की गल्ल्यातून भागवायचं, आणि बचत पुन्हा जमा करत राहायचं.

रोज पिणाऱ्याच्या यकृतात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, विष बनवणारी जी वाट आहे तीच दारूही पचवते. रोज दारू आली की यकृत त्या वाटेवर जास्तीचे मजूर लावतं. मग गोळी गेली की तिच्यातून विषही जास्त बनतं. दुसरी, गल्ला भरतो तो अन्नातून, डाळ, अंडी, दूध यांतून. पिणारा माणूस जेवत नाही, आणि दारूनंही हा साठा कमी होतो. खर्च वाढला आणि गल्ला रिकामा. साठा साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आला की मोकळं राहिलेलं विष यकृताच्या पेशींनाच मारायला लागतं.

यात एक गोष्ट आम्हालाही आधी उलटी वाटली होती. दारू रक्तात असते तोवर ते जास्तीचे मजूर दारूच पचवण्यात गुंतलेले असतात. दारू उतरली की ते मोकळे होतात, आणि आलेली गोळी सगळी त्यांच्या हाती लागते. हे मजूर लगेच घरी जात नाहीत, काही दिवस तिथंच असतात. म्हणून रोजच्या पिणाऱ्यानं दारू थांबवल्यावरचे पहिले काही दिवस जास्त जोखमीचे. आपल्या घरांत नेमकं तेव्हाच डोकं दुखतं, अंग मोडतं, आणि आपण गोळ्या देतो. याचा अर्थ पिता पिता गोळी द्यावी असा मुळीच नाही. अर्थ एवढाच, की "आज तर त्यानं घेतली नाही" म्हणून निश्चिंत होऊ नये.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. बाईचं म्हणणं, "मले वाटलं दारू उतरते म्हणून ओकते." इथंच फसगत होते. दारूची मळमळ बहुतेक एका दिवसात ओसरते. इथं ती वाढत गेली. तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाण्याचा घोटही पोटात राहीना. म्हणून गोळ्या थांबल्या, पण कोणी दवाखान्यात नेलं नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी गडद. घरच्यांनी काविळीची माळ घातली, झाडपाल्याचा रस पाजला. त्या रात्री तो असंबद्ध बडबडू लागला, बायकोला ओळखेना. पाचव्या दिवशी पहाटे 108 ची गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दारू घेतात का? बाई म्हणाली, "नाही जी." दारूबंदीचा जिल्हा, सोबत सासरचे लोक, पोलिसांची भीती. गोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, तापाची एकच दिली होती. तिच्या मते ते खरंच होतं. रक्त तपासलं तेव्हा एसजीपीटी, जो साधारण चाळीसच्या आत हवा, तो हजारांत निघाला. रक्त गोठायलाही वेळ लागत होता. डॉक्टरांना शंका आली. नुसत्या दारूनं यकृत खराब झालं तर हा आकडा सहसा काही शेकड्यांतच राहतो. त्यांनी तिला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. तेव्हा ती रडली आणि सगळं सांगितलं. दीर घरून तिन्ही पाकिटं घेऊन आला. या सगळ्यात अर्धा दिवस गेला.

पॅरासिटामॉलच्या विषावर उतारा आहे, हे लक्षात ठेवा. त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. तो यकृताचा गल्ला पुन्हा भरायला मदत करतो. एकाच वेळी खूप गोळ्या खाल्ल्या असतील तर आठ तासांच्या आत दिला तर सगळ्यात चांगला. आपल्या माणसासारखं दोन-तीन दिवस जास्त गोळ्या गेल्या असतील तर तास मोजता येत नाहीत, पण उशिरा दिला तरी उपयोग होऊ शकतो. त्याला सलाईनमधून दिला. बारा दिवसांनी तो घरी आला. सगळ्यांचे येत नाहीत, हेही खरं. यकृत फारच गेलं तर मोठ्या शहरात ते बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

मग तापाची गोळी वाईट आहे का? नाही. जेवणाऱ्या माणसाला तापात एक-दोन गोळ्या ठरलेल्या अंतरानं दिल्या तर यकृताला धोका नाही. पिणाऱ्याला तिच्याऐवजी दुसरी दुखण्याची गोळी द्यावी म्हणाल, तर डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेननं त्याच्या पोटात रक्तस्राव होण्याची आणि मूत्रपिंडाला त्रास होण्याची भीती असते. म्हणून पॅरासिटामॉलच, पण मोजून. रोजच्या पिणाऱ्याला चोवीस तासांत दोन ग्रॅमच्या पुढे नको. पाचशेच्या गोळ्या असतील तर चार, साडेसहाशेच्या असतील तर तीन. एका वेळी एकच, मध्ये सहा तास, आणि दोन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टर. माणूस फार वाळलेला असेल, काही खातच नसेल किंवा आधी कावीळ झालेली असेल, तर पहिल्या गोळीच्या आधीच विचारा. तसंही पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा किंवा स्क्रब टायफसचा असू शकतो, आणि हे आजार स्वतःच यकृताला त्रास देतात.

ओकाऱ्या दुसऱ्या दिवशीही थांबल्या नाहीत, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर गोळी बंद करा आणि डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नका. जाताना घरातली सगळी पाकिटं, रिकामी सुद्धा, पिशवीत घ्या. आणि दारूचं खरं सांगा. डॉक्टर ते इलाजासाठी विचारतात, पकडून देण्यासाठी नाही. सासरच्यांसमोर बोलता येत नसेल तर म्हणा, "मला एकटीला बोलायचं आहे."

गेल्या महिन्यात आम्ही बैठकीला प्रत्येकीला घरातल्या गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली. दहावीतल्या एका मुलीनं मागची बारीक अक्षरं वाचली. अकरा बायांच्या पिशव्यांतून सर्दी, ताप, अंगदुखी आणि डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या. ज्या पाकिटावर पॅरासिटामॉल होतं त्यावर आम्ही लाल टिकली लावली. आता नियम सोपा आहे. लाल टिकलीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या एका दिवशी एकाच माणसाला द्यायच्या नाहीत.

ती बाईही त्या बैठकीत होती. तिच्या पिशवीत तीच तीन पाकिटं होती. तिन्हींवर टिकली लागली. ती बराच वेळ त्यांच्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "हे एक औषध व्हय, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं."

तुमच्या घरातली पाकिटं आज संध्याकाळी काढा, मैत्रिणींनो, आणि वाचता येणाऱ्या पोरापोरींकडून मागचं नाव वाचून घ्या.